आषाढ पौर्णिमेच्या व्हिडिओची संहिता: पंचशील, फुलं आणि दिवा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणातल्या वाडीच्या विहारात मोबाईलवर व्हिडिओ करायचा आणि तो गावातल्या घरांत आणि मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोचवायचा, एवढं गृहीत धरून ही उत्तरं लिहिली आहेत. खाली मोठ्याने वाचायचा मजकूर अवतरणचिन्हांत आहे. तो तसाच घ्या किंवा आपल्या बोलीत फिरवा. पाली ओळी मात्र बदलू नका.

पौर्णिमा बारा असतात. मग संहिता आषाढाचीच का?

कारण या पौर्णिमेला शील आणि पाऊस एकत्र येतात. सारनाथला पाच परिव्राजकांपुढे पहिलं प्रवचन झालं ते आषाढ पौर्णिमेला, आणि वर्षावास सुरू होतो तोही इथूनच. वर्षावासाचं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, दिलेलं कारण कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भिक्खू पावसाळ्यातही फिरत राहिले तर हिरवी रोपं आणि बारीक जीव पायाखाली जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि मग तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. आपल्याकडे तेव्हा लावणी चालू असते, बांधावर पाय कुठे ठेवायचा हे लहान पोरालाही माहीत असतं. पहिल्या शिलाचा अर्थ सांगायला याहून जवळचा दाखला मिळणार नाही.

व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

आठ मिनिटं. ओळख 40 सेकंद, आषाढाचं कारण 1 मिनिट, वंदना आणि त्रिसरण सव्वा मिनिट, पंचशील अडीच मिनिटं, फुलं सव्वा मिनिट, दिवा 1 मिनिट आणि शेवट 20 सेकंद. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला साधारण 110 शब्द होतात. त्यामुळे आषाढाच्या भागासाठी शंभरेक शब्दांपेक्षा जास्त लिहिलंत तर वाचणारा धावायला लागतो, आणि पुढे गाथाही त्याच वेगाने म्हणतो.

वेळ वाचवायला त्रिसरण एकदाच म्हणून पुढे जाणं ही नेहमीची चूक. ‘नमो तस्स’ तीनदा, मग त्रिसरण, मग ‘दुतियम्पि’, मग ‘ततियम्पि’, हे पुरं ठेवा. काटायचंच असेल तर ओळखीतली पाहुण्यांची नावं काटा.

सुरुवातीला काय बोलावं?

“जय भीम. नमो बुद्धाय. आज आषाढ पौर्णिमा. पुढच्या आठ मिनिटांत आपण त्रिसरण आणि पंचशील घेणार आहोत, फुलं वाहणार आहोत आणि दिवा लावणार आहोत. जवळ तीन-चार फुलं, एक पणती किंवा मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवा. नसेल तर हात जोडून बसा, तेवढंही पुरतं. मी पालीत ओळ म्हणेन आणि थांबेन. त्या थांबलेल्या वेळात तुम्ही ती म्हणा.”

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ती नसली की घरातले लोक नुसते बघत बसतात.

पंचशिलाचा भाग नेमका कसा लिहायचा?

प्रत्येक शिलाला 30 सेकंद धरा. पाली ओळ सात-आठ सेकंद, बघणाऱ्याने म्हणायला तेवढीच शांतता, उरलेल्या वेळात मराठी अर्थ आणि एक वाक्य. शांतता ठेवणं अवघड जातं, संकलन करणारा हमखास ती कापतो. म्हणून संहितेतच “इथे आठ सेकंद काही नाही” असं लिहून ठेवा. शील ऐकून घेतलं जात नाही, स्वतःच्या तोंडाने म्हणून घेतलं जातं. ‘समादियामि’ म्हणजे ‘मी स्वीकारत आहे’, आणि हा ‘मी’ व्हिडिओतला बौद्धाचार्य नाही, घरात बसलेला माणूस आहे.

दुसरी गोष्ट भाषांतराची. ‘हिंसा करू नकोस, चोरी करू नकोस’ असा हुकुमाचा सूर बऱ्याच व्हिडिओंत लागतो. पालीत तो नाही. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणं आणि ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचा, सरावाचा मुद्दा. आणखी एक अडचण: ‘करतो’ लिहिलं की बायका सुटतात, ‘करते’ लिहिलं की पुरुष. ‘स्वीकारत आहे’ लिहिलं की प्रश्नच मिटतो.

“पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. सजीवाचा जीव घेण्यापासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारत आहे. पावसाळ्यात पायाखाली बघून चालणं हाही याच शिलाचा सराव.”

“अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि. जे दिलेलं नाही ते घेण्यापासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारत आहे. आज ताटातली फुलं कुठून आली, इथपासून हे शील सुरू होतं.”

“कामेसु मिच्छाचारा वेरमणी सिक्खापदं समादियामि. कामवासनेतल्या गैरवर्तनापासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारत आहे. घरातल्या आणि बाहेरच्या माणसाचा विश्वास मी मोडणार नाही.”

“मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारत आहे. न पाहिलेला निरोप पुढे पाठवण्याआधी मी थांबेन.”

“सुरा-मेरय-मज्ज-पमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि. सुरा, मेरय, मद्य, म्हणजे ज्यातून बेसावधपणा येतो अशा सगळ्या नशेपासून दूर राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारत आहे.”

पाचव्याला वेगळं वाक्य जोडलेलं नाही, कारण ओळीतच कारण आहे. ‘पमादट्ठान’ म्हणजे बेसावधपणाची जागा. इथे कुणाच्या घरचा दाखला देऊ नका. छोट्या वाडीत नाव न घेताही सगळ्यांना कळतं कोण ते, आणि पुढच्या पौर्णिमेला तो माणूस विहारात येत नाही.

उच्चारात काय काय चुकतं?

संस्कृतची सवय आड येते. ‘प्राणातिपाता’, ‘मृषावादा’, ‘द्वितीयंपि’ असं तोंडात बसलेलं असतं. पालीत ते ‘पाणातिपाता’, ‘मुसावादा’, ‘दुतियम्पि’ आहे. पालीत ‘श’ आणि ‘ष’ नाहीतच, म्हणून ‘शरणं’ नव्हे, ‘सरणं’. सगळ्यात घोटाळ्याचं म्हणजे ‘समादियामि’चं ‘समाधीयामि’ होणं, कारण त्याने अर्थच बदलतो. ‘स्वीकारतो’च्या जागी ऐकणाऱ्याला समाधी ऐकू येते. चित्रीकरणाआधी पाचही ओळी नुसत्या ध्वनिमुद्रित करून ऐका. चूक म्हणताना कळत नाही, ऐकताना कळते.

पडद्यावरच्या पट्टीत पाली ओळ दोन तुकड्यांत द्या: ‘पाणातिपाता वेरमणी’ आणि खाली ‘सिक्खापदं समादियामि’. मधला शब्द तुटला की म्हणणाराही तिथेच तुटतो.

आमच्याकडे काहीजण आठ शीलं घेतात. त्याच व्हिडिओत घ्यावं का?

नको, त्याचा वेगळा व्हिडिओ करा. दोन्ही मिसळली की तिसऱ्या शिलापाशी गडबड होते. पंचशिलात ते ‘कामेसु मिच्छाचारा’ आहे, उपोसथाच्या अष्टशिलात ‘अब्रह्मचरिया’, म्हणजे त्या दिवसापुरतं पूर्ण ब्रह्मचर्य. विवाहित जोडपं नेहमीचं पंचशील समजून नकळत दुसरंच वचन म्हणून बसतं.

सहाव्या शिलाबद्दल, ‘विकालभोजना’बद्दल, ‘बारा वाजता जेवण बंद का?’ हे सारखं विचारलं जातं. विकाल म्हणजे माध्यान्हानंतरचा काळ, आणि माध्यान्ह सूर्यावरून ठरतो. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं, रत्नागिरी साधारण 73.3 अंशावर. त्यामुळे जुलैअखेरीस तिथे सूर्य माथ्यावर येतो तो पावणेएकच्या सुमारास. बाराला ताट उचलणारा सुरक्षित बाजूला असतो, एवढंच. सव्वाबाराला शेवटचा घास घेणाऱ्याला कुणी टोकू नये.

‘आम्ही मासे खातो, मग पहिलं शील कसं घ्यायचं?’ असं कुणी विचारलं तर?

किनाऱ्यावर हा प्रश्न येणारच, पण व्हिडिओत त्यावर निकाल देऊ नका. शील जीव घेण्याबद्दल आहे. अट्ठकथांत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांत, ते मोडण्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत: समोर जीव असणं, तो जीव आहे हे माहीत असणं, मारण्याचा हेतू, त्यासाठी केलेली कृती आणि त्यातून झालेला मृत्यू. ताटातला मासा खाणं आणि मासा मारणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनीही मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. पौर्णिमेला मासे न करण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. ती रीत म्हणून सांगा. “मासे खाणाऱ्याने शील घेऊ नये” हे वाक्य मात्र कुठल्याच पाली ओळीत नाही.

फुलं कोणती आणि किती?

गाथेत संख्या नाही. तीन रत्नांची म्हणून तीन, शिलांची म्हणून पाच, या सोयीच्या रीती आहेत. छोट्या ताटात मूठभर फुलं पुरतात. ढीग केला तर कॅमेऱ्यात रंगांचा गोळा दिसतो, फूल दिसत नाही.

आषाढात दारात तगर, जास्वंद, अनंत असतं. या व्हिडिओला अनंत सगळ्यात उपयोगी. पांढरंशुभ्र फूल एक-दोन दिवसांत पिवळं पडतं, आणि गाथेचा अर्थ नेमका तोच आहे. जास्वंद संध्याकाळपर्यंत मिटते, म्हणून दुपारनंतर चित्रीकरण असेल तर ती बाजूला ठेवा. पावसात भिजलेली फुलं ताटात तशीच ओतली की अर्ध्या तासात पाकळ्या काळवंडून चिकटतात. सकाळी तोडून, हलकेच झटकून, ओलसर फडक्यावर पसरून ठेवा.

प्लास्टिकची फुलं घेऊ नका. ती वाहताना “हे फूल जसं कोमेजतं” असं म्हणायचं म्हणजे चौथं शील घेऊन दोन मिनिटंही झाली नाहीत तोच मोडायचं.

फुलं येतात कुठून हाही मुद्दा आहेच. पहाटे दुसऱ्याच्या गडग्यावरून हात घालून फुलं काढायची सवय गावोगाव आहे आणि देवाधर्माच्या नावाखाली ती खपूनही जाते. पण ‘अदिन्नादाना’चा शब्दशः अर्थ ‘न दिलेलं घेणं’ असा आहे. आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. शक्य असेल तर शेजारच्या काकू स्वतः फुलं तोडून ताटात टाकताहेत एवढं पाच सेकंदांचं दृश्य घ्या. दुसरं शील त्यात पुरतं कळतं.

फुलांच्या भागाची संहिता काय?

आधी गाथा, मग अर्थ. ताट दोन्ही हातांत धरून पहिल्या दोन ओळी, मग फुलं एकेक करून मूर्तीपुढे ठेवत उरलेल्या.

“वण्ण-गन्ध-गुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं, पूजयामि मुनिन्दस्स सिरीपादसरोरुहे. पूजेमि बुद्धं कुसुमेन’नेन, पुञ्ञेन मेतेन च होतु मोक्खं. पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.”

“रंग आणि सुगंध असलेली ही फुलं मी मुनींमधल्या श्रेष्ठाच्या कमळासारख्या चरणांशी वाहत आहे. या फुलांनी मी बुद्धाची पूजा करत आहे, या पुण्यातून मला मुक्ती लाभो. हे फूल जसं कोमेजतं, तसं माझं शरीरही नाशाकडे जातं.”

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. ‘फुलं वाहिली की इच्छा पुरी होते’ असं काहीतरी जोडलं जातं. गाथेत नोकरी, लग्न, पाऊस यांतलं काहीच मागितलेलं नाही. आहे ते कोमेजण्याचं भान. म्हणून या भागाचं शेवटचं दृश्य दुसऱ्या दिवशी घ्या: तेच ताट, तीच जागा, तोच कॅमेरा, आणि पिवळं पडलेलं अनंत. त्यासाठी कॅमेरा ठेवलेल्या जागी खडूने खूण करा आणि फुलांना हात लावू नका. विहार झाडणाऱ्यांना आधी सांगून ठेवलं नाही तर सकाळी ताट स्वच्छ घासलेलं मिळतं.

दिव्यासाठी पणती की मेणबत्ती? तेल कोणतं, किती?

दोन्ही चालतात. गाथेतला दिवा तर कापराचा आहे, कारण ‘घनसार’ म्हणजे कापूर. त्यामुळे ‘अमुकच तेल हवं’ या आग्रहाला आधार नाही. घरात खोबरेल असतं, तेच वापरा.

नवी पणती दोन तास पाण्यात बुडवून मग कोरडी पुसा, नाहीतर ती स्वतःच तेल पिते. दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटर तेल एका पणतीला घाला. पातळ वात असेल तर चित्रीकरण सहज आटोपतं. वात कडेबाहेर चार-पाच मिलिमीटरच ठेवा. जास्त बाहेर काढली तर ज्योत लांब होते, काजळी धरते आणि मागच्या तसबिरीच्या काचेवर काळं बसतं. ज्योत तडतडत असेल तर वात दमट आहे असं समजा. आषाढात हे हमखास होतं. वाती आणि काडेपेटी आदल्या दिवसापासून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

हीच संहिता पौष-माघाच्या पौर्णिमेला वापरलीत तर अडचण उलटी येते. 24 अंशांच्या आसपास खोबरेल गोठायला लागतं. थंड पहाटे वातीपर्यंत तेल चढत नाही आणि ज्योत बारीक होत विझते. तेव्हा तेल आधी कोमट करून घाला.

दिव्याभोवती किडे, पाखरं येतात. हे पहिल्या शिलात बसतं का?

मारण्याचा हेतू नाही, म्हणून वर सांगितलेल्या पाच गोष्टींप्रमाणे शील मोडत नाही. पण पावसाळ्याच्या तिन्हीसांजेला उघड्या ज्योतीत पाखरं पडणार हे आपल्याला माहीत असतं, आणि वर्षावासाचा नियम तर अशाच बारीक जिवांसाठी झाला. दोन साधे उपाय आहेत. चित्रीकरण सकाळी उजेडात उरका, किंवा संध्याकाळीच हवं असेल तर पणतीभोवती कंदिलाची काच ठेवा. काचेने वाऱ्यालाही आडोसा होतो. संहितेत एक वाक्य घाला: “पाखरं पडू नयेत म्हणून दिव्यावर काच ठेवली आहे.” पंचशील आणि पूजा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे त्यातून आपोआप कळतं.

“घनसारप्पदित्तेन दीपेन तमधंसिना, तिलोकदीपं सम्बुद्धं पूजयामि तमोनुदं.”

“अंधार नाहीसा करणाऱ्या, कापराने पेटलेल्या या दिव्याने, तिन्ही लोकांचा दीप असलेल्या, अज्ञानाचा अंधार दूर करणाऱ्या सम्यक संबुद्धाची मी पूजा करत आहे.”

दिवा आधी लावून मग गाथा म्हणा. काडी पेटवता पेटवता गाथा म्हटली तर दमट काड्यांमुळे ‘घनसारप्प’पाशी तिसऱ्यांदा अडकायला होतं.

पाटीवर ‘अत्त दीप भव’ लिहू का?

सगळीकडे लिहिलेलं दिसतं आणि अर्थही पोचतो. पण महापरिनिब्बान सुत्तातली पाली ओळ ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा’ अशी आहे. गंमत म्हणजे पालीत ‘दीप’ म्हणजे दिवा, तसंच बेट. चारी बाजूंनी लाटा आणि मध्ये पाय टेकायला कोरडी जमीन, हा अर्थ समुद्रकाठच्या माणसाला कदाचित जास्त पटेल. संहितेत जागा असेल तर दोन्ही अर्थ सांगा, नसेल तर पाटी पालीप्रमाणे लिहा.

पत्र्यावर पाऊस कोसळत असताना आवाज कसा घ्यायचा?

घेऊच नका. पत्र्याखाली गाथा कितीही मोठ्याने म्हटली तरी पावसाखाली बुडते, आणि माणूस ओरडायला लागला की ती गाथा राहत नाही. चित्र विहारात घ्या, आवाज कौलारू घराच्या माजघरात, दारं लावून, पंखा बंद करून, मोबाईल तोंडापासून वीतभर ठेवून. गाथा म्हणणाऱ्याचं तोंड जवळून दाखवू नका, म्हणजे आवाज आणि ओठ जुळवत बसावं लागत नाही. हात, ताट, ज्योत, मूर्ती यांवरच दृश्यं ठेवा.

पांढरे कपडे आणि ज्योत एकाच चौकटीत आली की मोबाईल गोंधळतो. कपडे चमकतात किंवा ज्योतीच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. पडद्यावर ज्योतीच्या बाजूला बोट दाबून धरा. बहुतेक मोबाईलवर उजेड तिथेच कुलूपबंद होतो. मग थोडा कमी करा, इतका की ज्योतीची कड दिसेल.

शेवट कसा करायचा, आणि नंतर फुलं-दिव्याचं काय?

“इमाय धम्मानुधम्मपटिपत्तिया बुद्धं पूजेमि, धम्मं पूजेमि, सङ्घं पूजेमि. धम्माला अनुसरून केलेल्या या आचरणाने मी बुद्ध, धम्म आणि संघ यांची पूजा करत आहे.” मग तीनदा “साधु”. आभार, संगीत, नावांची यादी यांतलं काही ‘साधु’नंतर नको. द्यायचीच असतील तर नावं ओळखीत द्या.

दिवा फुंकू नका. त्यात शास्त्र काही नाही, पण तेलाचे थेंब उडतात. वात काडीने तेलात बुडवा. विहाराला कुलूप लावण्याआधी मेणबत्त्या मोजा. फुलं पिशवीसकट खाडीत न टाकता दुसऱ्या दिवसाचं दृश्य झालं की माडाच्या आळ्यात पसरा, आणि पणती गरम पाण्याने धुऊन उन्हाची वाट न बघता चुलीशेजारी वाळत घाला.